बाबा दुसऱ्या भागात येतात

"आजोबा काढ," हुपरीकर सर म्हणाले आणि माझ्या हस्तलिखितातल्या आजोबांवर त्यांनी तांबडी रेघ ओढली.

"सर, गोष्टच आजोबांची आहे."

"असू दे. सहाव्या भागात येतील."

"आणि हे बाबा?"

"दुसऱ्या."

"आई तरी?"

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "आ स्वर, ई स्वर. काना नाही, मात्रा नाही. आई राहू दे."

अशा रीतीने पहिल्या भागातल्या कुटुंबात एकटी आई शिल्लक राहिली. परदेशातल्या मराठी मुलांना मातृभाषा शिकवायची, तर सुरुवात मातेपासून झाली हे एका अर्थी बरंच झालं, अशी मी स्वतःची समजूत काढली.

हे सगळं कोल्हापुरात, सरांच्या घराच्या तळमजल्यावर चालायचं. पूर्वी तिथे त्यांची स्कूटर उभी असे. स्कूटर विकली आणि चिंचोका प्रकाशन सुरू झालं. सरांनी जन्मभर पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलं होतं. मी इंग्रजीत एमए होतो, म्हणजे मला कुणी काही करायला सांगितलं तर नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हतो. चित्रं काढायला रेश्मा बागवान होती. ती आमच्यात एकटीच कामाची होती, आणि तिला ते माहीत होतं.

पुस्तकांची रचना सोपी होती. डाव्या पानावर मोठ्या टायपात मराठी, उजव्या पानावर बारीक टायपात इंग्रजी, दोन्हींवर पसरलेलं चित्र. मागच्या मलपृष्ठावर एक चौकोनी ठिपक्याठिपक्यांचा कोड, तो फोनने टिपला की सरांच्या आवाजात मराठी ऐकू येई. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उभा राहिलो होतो.

मराठीचे भाग सात. पहिल्यात बिनकाना-मात्रेचे शब्द, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी, चौथ्यात उकार, पाचव्यात मात्रा, सहाव्यात काना-मात्रा, सातव्यात अनुस्वार आणि जोडाक्षरं. पुढच्या भागातलं चिन्ह आधीच डोकावलं तर सर ते पुस्तक फाडत नसत, पण बघत तसंच.

"तुझं नाव कुठल्या भागात येतं माहितीये का, तन्मय?" रेश्माने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"सातव्या."

"मग तोवर गप बस. 'गप बस' पहिल्यातच आहे."

ती चेष्टा करत नव्हती. पहिल्या भागात खरोखर एवढंच करता येतं. मराठीतून सगळे काने, मात्रा, वेलांट्या काढून टाकल्या की हुकूम तेवढे मागे उरतात. ऊठ. बस. पळ. सरक. चल. वळ. उतर. पहिल्या भागात 'मी' नाही, कारण वेलांटी. 'तू' नाही, कारण उकार. 'हो' आणि 'नको' सहाव्यात. 'जा' दुसऱ्या भागात मिळतं, पण 'ये' म्हणायला पाचव्यापर्यंत थांबावं लागतं. म्हणजे पाहुण्याला हाकलता येतं लवकर, बोलावता येतं उशिरा. कोल्हापूरकर म्हणून मला एकच समाधान होतं, की 'मटण' पहिल्या भागात बसतं. 'आई, मटण कर' हे वाक्य मी अभिमानाने लिहिलं. डॅलसहून एका शाकाहारी आईने त्यावर निषेध नोंदवला, तेव्हा सरांनी पुढच्या आवृत्तीत 'वरण' केलं. एक साहित्यकृती तिथे संपली.

उजव्या पानाकडे मात्र सर बघत नसत. "ते तुझं," म्हणायचे, जसं काही ते पान त्यांनी मला भाड्याने दिलंय. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. आजोबांच्या गोष्टीचं नाव झालं 'सरबत', कारण सरबताला काही चिकटलेलं नसतं. डाव्या पानावर 'सरबत बघ', 'सरबत धर', 'सरबत कर' अशी वाक्यं उरली. उजवीकडे माझे हाकललेले आजोबा मी इंग्रजीत वसवले. 'ग्रँडपा'ने वाकून सुरईत पाहिलं. 'ग्रँडपा'ने दोन्ही हातांनी पेला धरला. 'ग्रँडपा'ने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'ग्रँडपा'ने, कारण लहान मुलांना पुनरावृत्ती आवडते असं कुठेसं वाचलं होतं. रेश्माने प्रत्येक चित्रात टोपीवाला म्हातारा काढला. चष्मा कपाळावर ढकललेला.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"सरबत करणारे गृहस्थ," रेश्मा म्हणाली.

"नाव लिहू नका म्हणजे झालं," सर म्हणाले.

पुस्तकं बाहेर गेली आणि पालकांच्या मेल येऊ लागल्या. पहिली मागणी नेहमीची: मराठीखाली रोमन लिपीत उच्चार द्या, मुलांना देवनागरी जड जातं. सर म्हणाले, "रोमनमध्ये 'बस' लिहिलं की पोरगं खिडकीशी जाऊन बस बघत बसेल." रोमन रद्द. मग एक वडील ब्रिस्बेनहून: पहिल्या भागात मुलाची आई आहे आणि मी कुठेच नाही, शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. मी उत्तर लिहिलं, 'बाबा दुसऱ्या भागात येतात. कृपया धीर धरावा.' एका आईने लिहिलं की सासूबाई पहिल्यांदाच घरी आल्या आणि मुलगा दारात म्हणाला, 'सरक.' उच्चार उत्तम होता, असंही तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. सरांनी ती मेल दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा फक्त उच्चाराचा भाग.

आणि ओटावाची मेल. तिथल्या एका बाईंचे वडील अकोल्याला असतात. ते व्हिडिओ कॉलवर दिसले की बाईंचा लेक अद्वय ओरडतो, 'सरबत!' बाहेर बर्फ, घरात सर्दी, तरी बाई बिचाऱ्या सरबत करून देतात. पोरगा पेल्याकडे बघतही नाही, पडद्याकडे बोट दाखवून पुन्हा ओरडतो. अकोल्याचे आजोबा आता कॉलला बसताना हातात लिंबू घेऊन बसतात. 'तुमच्या पुस्तकामुळे मुलाला सरबताचं व्यसन लागलंय का?' असं बाईंनी विचारलं होतं.

"पुस्तक मनात भरलंय पोराच्या," सर समाधानाने म्हणाले. आम्ही ती मेल स्तुतीच्या खात्यात टाकली.

खरं तर सरांना अद्वयचं, ब्रिस्बेनचं, डॅलसचं काही पडलेलं नव्हतं. हे सगळं दुकान एका पोरीसाठी मांडलेलं होतं. सई. सरांची नात, प्रणालीताईची मुलगी, राहणार लीड्स, वय सहाच्या आतबाहेर. तिच्या नावालाही काना-मात्रा नाही. हे नाव सरांनीच सुचवलं होतं, आणि ते गोड आहे म्हणून सुचवलं, असं लोकांना वाटत होतं.

गोष्ट अशी झाली होती की सई पूर्वी सरांना आजोबा म्हणायची. पण आजी म्हणताना जो ज येतो तोच ती आजोबांत घालायची. सर प्रत्येक वेळी थांबवायचे. "जिलबीचा ज नाही, सई. जहाजाचा ज. जीभ दातांशी. परत म्हण." ती परत म्हणायची. "परत." ती परत म्हणायची. दर रविवारी पोरीला आजोबा दिसले की आधी जहाज, मग जिलबी, मग उरलेल्या वेळात आजोबा. एका रविवारी ती म्हणाली, "हाय, ग्रँडॅड!"

सर म्हणाले, "कोण?"

आणि ओ दिली नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यानंतर तिने त्यांना हाक मारणंच सोडलं. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, 'आजी' म्हणायची, जिलबीच्या ज-ने, आणि तो तिथे बरोबरच होता. कॉलवर सर शेजारी बसलेले असायचे. पोरगी त्यांच्याकडे बघायची आणि आजीशी बोलायची.

हे मला काकूंनी सांगितलं, चहा देताना, सरांच्या देखत.

"मी पुस्तकात तिसऱ्या भागात आहे म्हणे," काकू म्हणाल्या. "आणि हे सहाव्यात. पोरगी अजून पहिल्यात. म्हणजे ती हाक मारेल तेव्हा ह्यांना ऐकू येत असेल का, तेवढंच बघायचं."

"पाया पक्का झाला की आपोआप म्हणेल," सर चहाकडे बघत म्हणाले.

"अहो, हाक आहे ती. इमारत नाही."

त्या दिवशी सरांनी सहाव्या भागाची फाइल काढली. सगळ्यात पहिलं वाक्य त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं होतं. 'हे माझे आजोबा.' बाकी भाग कोरा. पाचवा भाग आम्ही अजून लिहायलाही घेतला नव्हता.

ईस्टरच्या सुट्टीत प्रणालीताई सईला घेऊन आली. सर आठवडाभर आधीपासून दाढी रोज करत होते. दुपारी रिक्षा दारात थांबली. सई उतरली, तळमजल्याच्या दारात आली, आणि दारात पुठ्ठ्याची खोकी घेऊन बसलेल्या मला म्हणाली, "सरक."

मी सरकलो. तो आवाज सरांचा होता. म्हणजे आवाज चिमणीएवढा, पण सूर, ठेका, शेवटचा क तोडणं, सगळं थेट मलपृष्ठावरच्या कोडातलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं.

"वा!" सर माळ्यापाशी लावलेल्या शिडीवरून म्हणाले. ते दुसऱ्या भागाचा गठ्ठा काढत होते. तिला देण्यासाठी. "वा! क बघ कसा सुटा!"

"बाबा, आधी खाली या, मग क बघा," प्रणालीताई म्हणाली. तिने बॅग ठेवली आणि आम्हाला हळूच सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका हं. तिला वाटतं मराठी ही ओरडायचीच भाषा आहे. थोडी चूक माझी पण आहे. घरी मी गोड बोलते ते इंग्रजीत, आणि रागावते तेव्हाच मराठीत. वरून तुमची पुस्तकं."

"इंग्रजी पानावर तळहात ठेवून वाचून घेता ना?" मी विचारलं. तशी सूचना पहिल्या पानावर छापलेली होती.

"दोन हात असतात रे माणसाला. एक भांड्यात असतो."

सईने तोवर सगळी खोली ताब्यात घेतली होती. रेश्माला म्हणाली, "ऊठ." रेश्मा उठली. तिच्या खुर्चीवर स्वतः बसली. रेश्माला म्हणाली, "बस." जागा नव्हती. रेश्मा जमिनीवर बसली.

"ही मोठेपणी मुख्याध्यापक होणार," रेश्मा मला म्हणाली.

"ही आत्ताच आहे," मी म्हणालो.

मग सईला टेबलावर 'सरबत' दिसलं. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरी सापडावी तसा तिचा चेहरा झाला. तिने पुस्तक उघडलं. चित्रातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग शिडीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. कपाळावरचा चष्मा इथे, कपाळावरचा चष्मा तिथे. पुन्हा पुस्तकाकडे. रेश्मा उगाचच पेन्सिलीला टोक करू लागली.

"ग्रँडॅड, लुक!" सई म्हणाली. "इट्स यू!"

सरांचा हात गठ्ठ्यावर थांबला. मी बघत होतो. काकू वरून पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. सरांनी मान वळवली नाही. गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागले. ती सुतळी सुटलेलीच होती.

"अहो," काकू म्हणाल्या.

"मला कुणी हाक मारलेली नाही," सर माळ्याला उद्देशून म्हणाले.

प्रणालीताईने डोळे मिटले. "बाबा, मी विमानात चौदा वेळा तिच्याकडून आजोबा म्हणवून घेतलंय. ती म्हणते, मी चुकीचं म्हणते, मी नाही म्हणणार. आता कुणाला सांगू मी? जहाजाला की जिलबीला?"

सर तसेच. पाठमोरे. बनियनमधून पाठीचा कणा दिसत होता, आणि तोही ताठ. मला एकदम वाटलं, हा माणूस आता खाली उतरणारच नाही. पाचवा भाग येईल, सहावा येईल, आणि हे वरच असतील.

सई पुस्तकाकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी होती, हुशार पोरांना पडते तशी. तिने डाव्या पानावर बोट ठेवलं, पहिल्या शब्दावर. मग उजव्या पानावर बोट ठेवलं, पहिल्या शब्दावर. पान उलटलं. डावीकडचा पहिला शब्द. उजवीकडचा पहिला शब्द. पुन्हा पान उलटलं. प्रत्येक पानावर तेच. डावीकडे 'सरबत', उजवीकडे 'ग्रँडपा'. तिच्या बोटाखाली मला माझं पुस्तक पहिल्यांदाच दिसलं.

मराठीत करायची वस्तू आधी येते, आणि इंग्रजीत करणारा माणूस. हे मला ठाऊक होतं, त्यात मला एमएला बरे गुणही मिळाले होते. फक्त हे पोरांना ठाऊक नसतं. पोरगं पहिल्या शब्दासमोर पहिला शब्द ठेवतं, आणि त्याचं उत्तर बरोबर असतं. सुरईत वाकून बघणारा, पेला धरणारा, सगळं पुन्हा पहिल्यापासून करणारा, चष्मा कपाळावर असलेला जो म्हातारा, त्याला मराठीत काय म्हणतात? स्वच्छ मोठ्या टायपात लिहिलेलं होतं.

सई खुर्चीवरून उतरली. शिडीपाशी गेली. मान वर करून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात तिने हाक मारली.

"सरबत!"

काकूंनी तांब्या पायरीवर ठेवला.

"तहान लागली असेल," प्रणालीताई म्हणाली आणि उठायला लागली.

"थांब," मी म्हणालो.

"सरबत!" सईने पुन्हा हाक मारली. या वेळी तिने शिडीची पायरी धरली आणि सरांच्या पायजम्याला ओढलं. तिचा र सुटा होता, ब ओठांतून, त दाताला लागलेला. शब्दात सुधारायला तसूभर जागा नव्हती. एवढंच की तो शब्द चुकीचा होता.

सरांनी वळून खाली पाहिलं. त्यांनी पुस्तक पाहिलं, पानावरचा म्हातारा पाहिला, त्याच्या शेजारचा शब्द पाहिला. त्यांच्या मनात कोडं सुटताना मला दिसलं. मग त्यांचा उजवा हात आपोआप पायजम्याच्या खिशाकडे गेला, जिथे तांबडं पेन असतं. पोरगी आजोबाला सरबत म्हणते आहे. जन्मभरात एवढी सरळ चूक त्यांच्यासमोर कधी आली नसेल. एक रेघ, आणि वर बरोबर शब्द. परत म्हण.

सई वाट बघत होती. ती अगदी बरोबर म्हणाली होती आणि तिला ते माहीत होतं. आता यावर कोण काय चूक काढतं, असं तिचं तोंड.

सरांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला.

"ओ," सर म्हणाले.

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"सरबत, उतर," सई म्हणाली.

सर उतरले. दुसऱ्या भागाचा गठ्ठा वरच राहिला.

"बस."

सर बसले. जमिनीवरच, रेश्माच्या शेजारी. त्या माणसाला कुणी बस म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. सई त्यांच्या मांडीवर चढली, पुस्तक त्यांच्या हातात दिलं, आणि तिला हवा तो शब्द शोधू लागली. 'वाच' तिला येत नव्हतं. 'वाच'ला काना आहे. तिने थोडा विचार केला.

"कर," ती म्हणाली.

सरांनी वाचायला सुरुवात केली. पहिली दोन पानं मलपृष्ठावरच्या आवाजात झाली. तिसऱ्या पानावर तो आवाज फुटला, आणि सर खाकरून म्हणाले, "घशाला कोरड पडलीय."

"सरबत करू?" काकूंनी जिन्यातून विचारलं.

दोघांनी एकदम वर पाहिलं. सईला वाटलं, आपल्याच माणसाबद्दल बोलतायत. सरांनाही बहुतेक तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. हातात तांबडं पेन होतं, टोपण लावलेलं. मी 'सरबत'ची नवी मांडणी करत बसलो होतो. इंग्रजी मजकूर शेवटच्या पानावर न्यायचा, वाक्यांची सुरुवात बदलायची, म्हणजे पुन्हा असा घोटाळा व्हायला नको.

"ते नंतर," सर म्हणाले. "आधी ओटावाला मेल कर."

"ओटावा? ती स्तुतीच्या खात्यातली?"

"तीच."

"काय लिहू?"

"लिही, पोराला सरबत देणं बंद करा. त्याला नकोय ते." सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "आणि अकोल्याच्या त्या माणसाला सांगा म्हणावं, हातातलं लिंबू खाली ठेव आणि ओ दे."